अडीच वाजलेच नाहीत, दीड दोनदा वाजले

युनिक्स आणि लिनक्स संगणकांवर ठरलेली कामे ठरलेल्या वेळी सुरू करण्याची जबाबदारी ‘क्रॉन’ या प्रोग्रामकडे असते. तो दर मिनिटाला जागा होतो, घड्याळ पाहतो आणि यादीतल्या ज्या ओळीशी वेळ जुळेल ते काम सुरू करतो. ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार या क्रमाने येतात; तारका म्हणजे ‘कोणताही’.

```
30 2 * * * /opt/bin/backup
30 1 * * * /opt/bin/billing
```

म्हणजे बॅकअप रोज रात्री अडीचला, बिले दीडला. भारतीय वेळेवर चालणाऱ्या संगणकावर यात काही अडचण येत नाही. न्यूयॉर्कच्या वेळेवरच्या सर्व्हरवर मात्र वर्षातून दोनदा येते.

९ मार्च २०२५ च्या रात्री तिथे दोन वाजण्याच्या क्षणी घड्याळे एकदम तीनवर गेली. १:५९ नंतरचे मिनिट ३:०० होते, अडीच वाजलेच नाहीत. नुसती वेळ जुळवणाऱ्या क्रॉनच्या दृष्टीने बॅकअपची वेळ आलीच नाही. काम सुरूच न झाल्यामुळे चुकीचा संदेशही कुठे उमटत नाही, म्हणून हा प्रकार लवकर लक्षात येत नाही.

२ नोव्हेंबरला उलटे झाले. दोन वाजताच घड्याळे पुन्हा एकवर आली आणि दीड दोनदा वाजले: भारतात तेव्हा एकदा सकाळचे अकरा होते, दुसऱ्यांदा दुपारचे बारा. अशा वेळी बिले दोनदा निघू शकतात. एकाच वेळी दोन प्रती चालू नयेत म्हणून लावलेले कुलूप इथे उपयोगी पडत नाही, कारण पहिली फेरी दहा मिनिटांत संपली तर तासाभराने कुलूप उघडेच असते. नोंदवहीत १:३० च्या दोन ओळी दिसतात. वेळेसोबत यूटीसीपासूनचा फरक लिहिलेला नसेल तर त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत.

डेबियनमधला क्रॉन हे सांभाळतो. घड्याळ तीन तासांपेक्षा कमी सरकले, तर हुकलेली कामे तो लगेच चालवतो आणि झालेली पुन्हा करत नाही. ही सवलत ठरावीक वेळेच्या कामांनाच आहे. दर दहा मिनिटांनी चालणारी कामे नेहमीसारखीच चालतात. प्रत्येक क्रॉन असे करेलच असे नाही, म्हणून आपल्या संगणकावर `man cron` वाचून खात्री करावी.

सर्व्हर यूटीसीवर ठेवला तर कोणताही तास गळत नाही की दोनदा येत नाही. पण यूटीसीनुसार साडेसातला लावलेले काम न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात अडीचला आणि उन्हाळ्यात साडेतीनला होते. बॅकअपला ते चालते, बाजार उघडण्याच्या वेळेशी बांधलेल्या कामाला नाही. अशी कामे स्थानिक वेळेवरच ठेवावी लागतात. मात्र एक ते तीनच्या दरम्यान काहीही लावू नये. पैशांच्या कामाला एवढ्यावर भागत नाही. बिल काढण्यापूर्वी त्या ग्राहकाचे त्या तारखेचे बिल आधीच निघाले आहे का, हे प्रोग्रामनेच डेटाबेसमध्ये तपासायला हवे. मग क्रॉनने दोनदा हाक मारली तरी बिल एकदाच निघते.