आलेले पैसे परत जातात तेव्हा

आपली वेबसाइट, आपले दुकान : भाग 6

मोडी लिपी शिकवणारा व्हिडिओ अभ्यासक्रम, सोबत सरावासाठी पीडीएफ, किंमत 2,500 रुपये. पुण्यातल्या एक शिक्षिका तो स्वतःच्या वेबसाइटवरून विकतात, असे या भागापुरते धरून चालू. गेल्या आठवड्यात साइटला पेमेंट गेटवे कसा जोडायचा ते पाहिले. पैसे येण्याची वाट तयार झाली. पण त्याच वाटेने पैसे परतही जातात, आणि जाताना ते आले तेवढेच जात नाहीत.

आधी येण्याचा हिशेब. रेझरपेचा जाहीर दर देशातल्या नेहमीच्या व्यवहारांना 2 टक्के आणि परदेशी कार्डांना 3 टक्के आहे. या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. नाशिकच्या कुणी 2,500 रुपये भरले तर 50 रुपये शुल्क आणि 9 रुपये जीएसटी कापून बाईंच्या खात्यात 2,441 रुपये जमा होतात. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने तिथल्या कार्डावर तोच अभ्यासक्रम घेतला, तर 88 रुपये 50 पैसे कापले जातात. यूपीआयवर तर काहीच लागत नाही ना, असा प्रश्न इथे हटकून येतो. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर, म्हणजे बँकांचा वाटा, शून्य आहे हे खरे. पण गेटवे आपल्या सेवेचे शुल्क वेगळे घेऊ शकतो, आणि करारात ते लिहिलेले असते. दर पाहताना यूपीआयची ओळ स्वतंत्रपणे वाचावी.

आता नाशिकच्या ग्राहकाने चौथ्या दिवशी पैसे परत मागितले. बाईंनी डॅशबोर्डवर रिफंडचे बटण दाबले. ग्राहकाला पूर्ण 2,500 जातात, पण गेटवेने घेतलेले 59 रुपये बाईंना परत मिळत नाहीत. रेझरपे, स्ट्राइप, पेपाल, सगळ्यांची रीत सर्वसाधारणपणे हीच. व्यवहार घडवून आणण्याचे काम तर झाले, मग मेहनताना का सोडावा, हा त्यांचा युक्तिवाद. तेव्हा ‘सात दिवसांत पैसे परत’ असे साइटवर लिहिताना प्रत्येक परताव्यामागे 59 रुपयांचा खड्डा धरूनच किंमत ठरवायला हवी. हा खड्डा चुकवण्यासाठी काही विक्रेते ग्राहकाकडून यूपीआय आयडी मागवून स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवतात. त्यात वाचत काहीच नाही, कारण शुल्क आधीच गेलेले असते. उलट मूळ व्यवहार गेटवेच्या नोंदीत ‘यशस्वी’ राहतो. उद्या त्याच ग्राहकाने बँकेत तक्रार केली तर पैसे दुसऱ्यांदा जातात आणि पहिला परतावा सिद्ध करणे अवघड होते. रिफंड ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जावा, हा पेमेंट ॲग्रीगेटरसाठी रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे. ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच दुसरा मार्ग.

रिफंड दिल्यावर ‘अजून आले नाहीत’ असे फोन सुरू होतात. साध्या रिफंडला पाच ते सात कामाचे दिवस लागतात. कार्डाच्या रिफंडला एआरएन नावाचा क्रमांक असतो, यूपीआयला आरआरएन. डॅशबोर्डवर तो दिसला की लगेच ग्राहकाला ईमेलने कळवावा. तो क्रमांक सांगितला की ग्राहकाची बँक पैसे कुठे अडकलेत ते शोधू शकते. क्रमांकाशिवाय ‘आम्ही पाठवलेत’ या वाक्याला बँकेत किंमत नाही.

पण रिफंड मागितला का जातो? माल आवडला नाही, हे कारण वाटते तेवढे सर्रास नसते. डिजिटल मालात एक तांत्रिक कारण वारंवार भेटते: पैसे कापले गेले, पण फाइल मिळाली नाही. ग्राहक मोबाइलवर पैसे भरायला यूपीआय ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, आणि तेवढ्यात फोन मागचा ब्राउझर बंद करून टाकतो. साइट मात्र ग्राहक ‘धन्यवाद’च्या पानावर परतण्याची वाट पाहत बसते. तो परतत नाही, लिंक जात नाही, तो वैतागून पुन्हा पैसे भरतो. एका अभ्यासक्रमाचे 5,000 कापले गेले की विश्वास संपलाच.

यावर उपाय दोन. लिंक पाठवण्याचे काम ब्राउझरवर सोडू नये. गेटवेचा सर्व्हर साइटच्या सर्व्हरला थेट जो निरोप देतो, ज्याला वेबहुक म्हणतात, त्यावर ते बेतावे. रेझरपेत पैसे जमा झाल्याचा निरोप `payment.captured` या नावाने येतो. तोच निरोप कधी दोनदाही येतो, म्हणून व्यवहार क्रमांक तपासून दुसरा सोडून द्यावा. दुसरा उपाय असा की प्रत्येक खरेदीला आधी ऑर्डर क्रमांक तयार करावा. एका ऑर्डरवर प्रयत्न कितीही झाले तरी पैसे एकदाच जमा होतात. रिफंड पूर्ण झाल्याचा `refund.processed` हा निरोप पकडून त्या ग्राहकाचा व्हिडिओंवरचा प्रवेश बंद करता येतो. उतरवून घेतलेली पीडीएफ मात्र परत घेता येत नाही. ते नुकसान मान्य करूनच या धंद्यात उतरायचे.

रिफंडमध्ये ग्राहक विक्रेत्याशी बोलतो. चार्जबॅकमध्ये तो विक्रेत्याला वगळून थेट आपल्या बँकेकडे जातो. बँक तक्रारीला एक कारण-कोड लावते, ती व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेकडे आणि तिथून गेटवेकडे येते. गेटवे तेवढी रक्कम अडवतो आणि पुरावे मागतो. व्हिसाच्या बहुतेक कारणांसाठी कार्डधारकाला 120 दिवस मिळतात. विक्रेत्याच्या वाट्याला येतात ते वरच्या सगळ्यांनी आपापले दिवस कापून उरलेले, बरेचदा आठवडाभर. ईमेल स्पॅममध्ये गेला आणि मुदत टळली, तर बाजू कितीही खरी असली तरी पैसे गेले.

पुन्हा न्यू जर्सीकडे वळू. त्या कुटुंबाने मार्चमध्ये अभ्यासक्रम घेतला, चौदापैकी नऊ धडे पाहिले, आणि मे महिन्यात चार्जबॅक आला. लबाडी असेलच असे नाही. कार्डाच्या स्टेटमेंटवर वेबसाइटचे नाव नसून बाईंच्या नोंदणीकृत फर्मचे नाव छापले गेले होते. ते नाव साइटवर कुठेच नव्हते. कार्ड वडिलांचे, खरेदी मुलीची. वडिलांनी अनोळखी नाव पाहिले आणि बँकेला सांगितले, हा व्यवहार माझा नाही.

आता सगळा खेळ कोडवर येतो. बँकेने 13.1, म्हणजे ‘माल किंवा सेवा मिळाली नाही’, असा कोड लावला असता तर बाईंची बाजू भक्कम होती. लॉग-इनच्या तारखा आणि वेळा, आयपी पत्ता, कोणता धडा किती मिनिटे पाहिला, पीडीएफ कधी उतरवली आणि खरेदीच्या वेळचा ईमेल एवढे दोन पानांत मांडले की प्रश्नाला थेट उत्तर मिळते. इथे लागला 10.4, म्हणजे ‘कार्ड समोर नसताना झालेली फसवणूक’. यात माल पोचला का हा प्रश्नच नाही; घेणारा कार्डधारक होता का, हा प्रश्न आहे. नऊ धड्यांची नोंद दाखवली तर बँक म्हणू शकते, चोरानेच पाहिले असतील. बरेच विक्रेते इथे पानेच्या पाने डाऊनलोडच्या नोंदी पाठवतात आणि हरतात.

10.4 मध्ये खरे संरक्षण व्यवहाराच्या वेळीच मिळालेले असावे लागते. थ्रीडी सिक्युअर, म्हणजे बँकेने ओटीपी किंवा तत्सम पडताळणी केली असेल, तर अशा फसवणुकीची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर सरकते. भारतीय कार्डांना ऑनलाइन व्यवहारात ही दुसरी पडताळणी रिझर्व्ह बँकेने 2009 पासून सक्तीची केली आहे. म्हणून नाशिकच्या कार्डावर ‘मी नव्हतोच’ हा दावा विक्रेत्यावर सहसा शेकत नाही. अमेरिकेत तशी सक्ती नाही. परदेशी कार्डे घ्यायची असतील तर त्यांच्यासाठी थ्रीडी सिक्युअर सुरू आहे का, हे गेटवेला लेखी विचारून घ्यावे. व्हिसाने एप्रिल 2023 पासून आणखी एक वाट ठेवली आहे. त्याच कार्डावर पूर्वी झालेले, 120 ते 365 दिवस जुने आणि वादात न सापडलेले दोन व्यवहार दाखवले, आणि त्यांचा आयपी पत्ता किंवा उपकरण यांसारखे तपशील जुळले, तर 10.4 चा दावा टिकत नाही. दरमहा वर्गणी घेणाऱ्यांना ही वाट उपयोगाची. आयुष्यात एकदाच मोडी शिकणाऱ्या ग्राहकाचे जुने व्यवहार कुठून आणायचे?

मग बाईंनी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे घाईने रिफंड देऊ नये. वाद उघडला की रक्कम आधीच अडवलेली असते. वर रिफंड दिला तर पैसे दोनदा जाऊ शकतात. कुटुंबाला शांतपणे ईमेल करून खरेदीचा तपशील दाखवावा. मुलीने घेतल्याचे वडिलांच्या लक्षात आले, तर त्यांनी बँकेला तक्रार मागे घेत असल्याचे कळवावे आणि तसे लेखी उत्तर बाईंनाही द्यावे. ‘मी बँकेला सांगतो’ या तोंडी शब्दावर थांबू नये. ते लेखी उत्तर पुरावा म्हणून मुदतीत चढवावेच लागते, नाही तर तक्रार मागे घेऊनही निकाल विरोधात जाऊ शकतो. ग्राहक दादच देत नसेल, थ्रीडी सिक्युअर झालेले नसेल, तर चार्जबॅक स्वीकारून मोकळे व्हावे. स्ट्राइप अमेरिकेतल्या विक्रेत्याकडून प्रत्येक वादामागे 15 डॉलर घेते. 30 डॉलरच्या मालावर ती निम्मी किंमत झाली. शिवाय कार्ड कंपन्या वादांची संख्या एकूण व्यवहारांशी ताडून पाहतात, आणि जिंकलेले वादही साधारणपणे त्या संख्येत धरले जातात. प्रमाण वाढले की गेटवे खाते थांबवू शकतो. लढाईपेक्षा वाद उद्भवू न देणे स्वस्त, ते यामुळे.

एक वेगळाच प्रकार ओळखून ठेवावा. मध्यरात्री काही मिनिटांत पन्नास प्रयत्न, बहुतेक फसलेले, कार्डे निरनिराळी आणि आयपी पत्ता एकच: हे मोडीचे चाहते नव्हेत. चोरलेली कार्डे चालू आहेत का, हे तपासायला स्वस्त डिजिटल माल वापरला जातो. त्यात जे व्यवहार यशस्वी झाले, त्यांना त्याच रात्री स्वतःहून रिफंड द्यावा. शुल्क जाईल, पण खरा कार्डधारक जागा झाल्यावर येणारे चार्जबॅक टळतील. पैसे भरण्याच्या पानावर कॅप्चा आणि एका पत्त्यावरून होणाऱ्या प्रयत्नांना मर्यादा, एवढ्याने पुढचा हल्ला बराच रोखला जातो.

बाईंसाठी सर्वांत स्वस्त दुरुस्ती मात्र वेगळी आहे. स्टेटमेंटवर दिसणारे नाव बदलून वेबसाइटचे नाव लावता येईल का, हे गेटवेला विचारावे. ते जमत नसेल तर पैसे भरण्याच्या पानावर आणि पावतीच्या ईमेलमध्ये ‘तुमच्या कार्डावर हा खर्च या नावाने दिसेल’ अशी ओळ फर्मच्या नावासह टाकावी, आणि तिच्याखाली रिफंड मागण्याचा ईमेल पत्ता द्यावा. वाचकांपैकी ज्यांची साइट सुरू आहे, त्यांनी पुढचा भाग येण्याआधी स्वतःच्या कार्डावरून एक खरेदी करून पाहावी आणि स्टेटमेंटवर कोणते नाव येते ते तपासावे. पुढच्या आठवड्यात रिफंडनंतरची क्रेडिट नोट आणि परदेशी ग्राहकांच्या विक्रीवरचा जीएसटी.