तीन परत आला कुठून?

माझी भाची अकरावीत आहे आणि सध्या पायथन शिकते आहे. परवा ती वही आणि लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, एक ओळ खाली सरकवली तर सगळं उत्तरच उलटं झालं. असं कसं?" तिचा मूळ प्रोग्राम उलटी मोजणी करणारा होता.

```python
def ulti(n):
    if n == 0:
        print("सुरू!")
        return
    print(n)
    ulti(n - 1)

ulti(3)
```

हा चालवला की पडद्यावर 3, 2, 1 आणि शेवटी "सुरू!" असं उमटतं. `ulti` हे फंक्शन आपल्याला मिळालेला आकडा छापतं आणि त्याहून एकनं लहान आकडा देऊन पुन्हा `ulti` लाच बोलावतं. फंक्शननं स्वतःलाच बोलावणं म्हणजे रिकर्शन. आकडा शून्य झाला की मात्र ते कुणाला बोलावत नाही, "सुरू!" छापून थांबतं. इथवर तिला काही अडचण नव्हती.

मग तिनं शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल केली. आधी बोलावणं, नंतर छापणं.

```python
    ulti(n - 1)
    print(n)
```

आता पडद्यावर आधी "सुरू!" आलं आणि मग 1, 2, 3. भाचीचा प्रश्न नेमका होता: "n कमी होत होत शून्य झाला ना? मग तीन परत आला कुठून?"

तिच्या मनात `n` नावाचा एकच डबा होता आणि त्यातला आकडा प्रत्येक वेळी खोडून नवा लिहिला जात होता. तसं असतं तर तीन खरंच परत आला नसता. पण प्रत्यक्षात काय होतं ते दाखवायला मी कोरे कागद फाडून चार चिठ्ठ्या केल्या.

पहिल्या चिठ्ठीवर `n` म्हणजे 3 असं लिहून ती टेबलावर ठेवली. ही चिठ्ठी म्हणजे `ulti(3)` चं काम. त्यातली पहिली ओळ विचारते, आकडा शून्य आहे का? नाही. पुढची ओळ म्हणते, `ulti(2)` ला बोलाव. इथे पहिल्या चिठ्ठीचं काम संपलेलं नाही, फक्त अडलं आहे. म्हणून कुठल्या ओळीवर थांबलो ती खूण पेन्सिलीनं केली आणि तिच्यावर दुसरी चिठ्ठी ठेवली, तिच्यावर `n` म्हणजे 2. तीही त्याच ओळीवर अडली. तिच्यावर 1 ची आणि त्यावर 0 ची. आता टेबलावर चार चिठ्ठ्यांची चळत होती आणि प्रत्येकीवरचा `n` वेगळा होता. नाव एकच, जागा चार.

शून्याच्या चिठ्ठीनं "सुरू!" छापलं. तिचं काम संपलं, ती उचलून बाजूला ठेवली. तिच्याखाली 1 ची चिठ्ठी उघडी पडली. खूण केलेल्या ओळीनंतर तिची एक ओळ उरली होती, `print(n)`. ती पूर्ण झाली, 1 छापला गेला आणि चिठ्ठी उचलली. मग 2 ची, मग 3 ची. तीन परत आला नव्हता. तो चळतीच्या तळाशी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता.

हा परतीचा प्रवास पहिल्या प्रोग्राममध्येही होतोच. फक्त तिथे बोलावण्याच्या ओळीनंतर करायचं काहीच उरलेलं नसतं, म्हणून चिठ्ठ्या गुपचूप उचलल्या जातात आणि आपल्याला वाटतं की "सुरू!" छापताक्षणी सगळं संपलं.

संगणकात या चळतीला स्टॅक म्हणतात. प्रत्येक कॉलसाठी स्मृतीत एक वेगळा कप्पा राखला जातो. त्यात त्या कॉलचे आकडे असतात आणि काम संपल्यावर कुठे परतायचं तेही असतं. जुन्या फोरट्रानमध्ये साधारणपणे प्रत्येक फंक्शनसाठी एकच ठरलेली जागा असे. फंक्शननं स्वतःला बोलावलं असतं तर नव्या आकड्यानं जुना पुसला गेला असता आणि परतीचा पत्ताही हरवला असता. म्हणजे भाचीच्या मनातलं एका डब्याचं चित्र तिथे अगदी बरोबर ठरलं असतं. फोरट्रानच्या प्रमाणित आवृत्तीत रिकर्शन आलं ते फोरट्रान 90 मध्ये. अल्गोल 60 या भाषेत ते सुरुवातीपासून होतं. त्या भाषेसाठी कंपायलर लिहिणाऱ्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1960 मध्ये एका निबंधात स्टॅक वापरून हे कसं साधायचं ते मांडलं.

चळत डोळ्यांसमोर असली की चुकाही ओळखता येतात. `ulti(n - 1)` ऐवजी चुकून `ulti(n)` लिहिलं, तर मूळ प्रोग्राम 3, 3, 3 असं छापत सुटतो. एकच आकडा वारंवार दिसला की समजावं, आपण तो कमी करायला विसरलो. दुसरी चूक जास्त फसवी आहे. `ulti(2.5)` चालवून पाहा. 2.5, 1.5, 0.5 आणि पुढे -0.5, -1.5. आकडा कमी होतोय, पण शून्यावर पाय न ठेवता त्याला ओलांडून जातो, आणि आपली अट तर नेमक्या शून्याचीच वाट पाहते आहे. आकडे ऋण होऊ लागले की थांबण्याची अट तपासावी. इथे `n == 0` च्या जागी `n <= 0` लिहिलं की काम भागतं.

दोन्ही चुकांचा शेवट सारखाच होतो. चिठ्ठीवर चिठ्ठी चढत राहते, एकही उचलली जात नाही, आणि थोड्याच वेळात पायथन काम थांबवून सांगतं:

```
RecursionError: maximum recursion depth exceeded
```

पायथननं चळतीच्या उंचीवर मर्यादा घातली आहे आणि ती मुळात 1000 ठेवलेली असते. स्टॅकची जागा संपून प्रोग्राम कोसळू नये म्हणून हा बांध आहे. त्यामुळे प्रोग्राम बिनचूक असूनही `ulti(1000)` ला हीच सूचना मिळते, कारण 1000 पासून 0 पर्यंत 1001 चिठ्ठ्या लागतात. नुसत्या मोजणीसाठी साधा `while` लूप बरा. त्यात खरोखरच एक डबा असतो आणि त्यातला आकडा बदलत जातो, त्यामुळे दहा लाखांपासून मोजलं तरी चळत वाढत नाही.

रिकर्शन कामी येतं ते परतीची गरज असते तिथे. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, आणि सगळ्यांचा मिळून आकार काढायचा आहे. आतल्या फोल्डरची बेरीज हाती आल्याशिवाय बाहेरच्याची पूर्ण होत नाही. अर्धी झालेली बेरीज जपून ठेवणारं कुणीतरी लागतं, आणि अडून बसलेल्या चिठ्ठ्या तेच करतात.

शेवटी मी भाचीला `print(n)` दोन्हीकडे लिहायला सांगितलं, बोलावण्याच्या आधी आणि नंतरही. प्रोग्राम चालवण्याआधी तिनं चार चिठ्ठ्या पुन्हा एकावर एक रचल्या, एकेक करून उचलल्या आणि वहीत उत्तर लिहिलं: 3, 2, 1, सुरू!, 1, 2, 3. मग बटण दाबलं. पडद्यावरचं उत्तर वहीशी तंतोतंत जुळलं.