जोडीदाराला काम कसे सांगावे?

महाविद्यालयात आम्हा दोघांचा प्रकल्प होता : मातीचा ओलावा मोजून झाडांना आपोआप पाणी देणारे यंत्र. तीन आठवडे मी एकटाच राबत होतो. "तू काहीच करत नाहीस," असे म्हटले असते, तर भांडणच झाले असते. म्हणून एका रात्री जेवणानंतर, आसपास कोणी नसताना विचारले, "जोडणी आणि नोंदी राहिल्यात. तू कोणतं घेशील? कुठे अडतंय का?"

तो ओशाळून म्हणाला, "मला सोल्डरिंग जमत नाही रे."

मग पाच कुंड्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी त्याने घ्यायच्या ठरल्या. "गुरुवारपर्यंत" असे त्यानेच वहीत लिहिले. बुधवारी मी "किती झाल्या?" एवढेच विचारले. नोंदी वेळेवर आल्या. तारीख दोनदा चुकली असती, तर मी सरांकडे गेलो असतो. पण आधी त्याला सांगून.