तीन मिनिटांची फिल्म, वीस लिटरची बादली

गणपती आठ दिवसांवर आले की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘घरीच विसर्जन करा’ असं सांगणारे व्हिडिओ फिरू लागतात. तोवर मूर्ती ठरवून, पैसे देऊन झालेली असते. ती पीओपीची असेल तर घरच्या बादलीत ती विरघळत नाही, आणि अनंत चतुर्दशीनंतर तिला घेऊन माणूस पुन्हा तळ्याकडेच जातो. म्हणून असा व्हिडिओ लिहिणाऱ्याने एक गोष्ट आधी ठरवावी. विषय विसर्जनाचा असला तरी प्रेक्षक मूर्ती घ्यायला निघालेला आहे. व्हिडिओ त्याच्यापर्यंत आषाढात, बुकिंग सुरू असताना पोचायला हवा.

पीओपी का विरघळत नाही, याचा हिशेब साधा आहे. पाणी घालून घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. वीस लिटरच्या बादलीत पन्नास ग्रॅम गेलं की संपलं. दोन किलोच्या मूर्तीला आठशे लिटर पाणी लागेल, तेही तिच्यावर रंगाचा थर नसेल तर. साठलेल्या पाण्यात ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते आणि तिच्या रंगांमधले घातक धातू गाळात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली, त्यामागे हेच कारण आहे. संहितेत मात्र एवढंच यावं: ‘ही विरघळत नाही, ही विरघळते’, आणि तेही करून दाखवून.

पहिलं दृश्य म्हणून स्टॉलवरचं लिहावं.

*दृश्य १. मूर्तींचा स्टॉल. सून मूर्ती उचलून बघते आहे.*
*सून: काका, शाडूचीच आहे ना?*
*विक्रेता: शंभर टक्के, ताई.*
*सून: मग खालच्या बाजूला ओलं बोट लावून बघू?*
*(कॅमेरा जवळ. मूर्तीच्या बैठकीखाली, रंग नसलेल्या जागी ओलं बोट घासलं जातं. बोटाला राखाडी चिखल लागतो.)*

या क्लोजअपवर दहा सेकंद थांबायला हरकत नाही. कच्ची शाडू ओल्या बोटाखाली लगेच चिकट होते. पीओपी पांढरं, कोरडं राहतं; फार तर खडूसारखी भुकटी लागते. शिवाय शाडूची मूर्ती तेवढ्याच आकाराच्या पीओपीच्या मूर्तीपेक्षा बहुधा जड लागते. भाजलेल्या मातीची मूर्ती दिसायला नैसर्गिक असली तरी ती कुंडीइतकीच पक्की. तीही विरघळणार नाही. ऑइल पेंट किंवा वार्निश मारलेली शाडूची मूर्तीसुद्धा फसवते, कारण पाणी आतच शिरत नाही. या दोन्ही गोष्टी पडद्यावर एकेका ओळीत लिहून दाखवाव्यात. बरेच लोक व्हिडिओ आवाज बंद करून बघतात.

दुसरं दृश्य बादलीचं. इथे दोन अडचणी येतात. पहिली चित्रीकरणाची: आषाढात कुणाच्या घरी गणपती नसतो, आणि प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीवर प्रयोग करणं कुणालाही रुचणार नाही. उपाय म्हणजे कारखान्यात वाळताना तडा गेलेली, पूजेला न जाणारी मूर्ती मागून घ्यायची. व्हिडिओतही ते स्पष्ट सांगायचं. दुसरी अडचण मनाची आहे, आणि ती आजींच्या तोंडी द्यावी.

*आजी: अगं, बादलीत देव बुडवायचा? बरं दिसतं का ते?*
*सून: आई, बादली नवीच आणू, तिला दुसरं काही लावायचं नाही. आरती करायची, दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवायचा, उत्तरपूजा करून मूर्ती जागेवरून हलवायची. यातलं काही चुकवायचं नाहीये.*
*आजी: आणि हार, वस्त्र?*
*सून: ते आधी काढून ठेवायचं. फुलं-दूर्वा निर्माल्यात, दागिने डब्यात.*

मग कॅमेरा न हलवता, भिंतीवरचं घड्याळ चौकटीत ठेवून, मूर्ती पाण्यात. पाणी मुकुटाच्या वर दोन बोटं. काही क्षणांत तिच्या अंगातून बुडबुडे निघू लागतात. वाळलेल्या मातीच्या छिद्रांत पाणी शिरतं, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि माती पापुद्र्यांनी सुटते. आधी कान, बोटं, सोंडेचं टोक, शेवटी बैठक. म्हणूनच कोरडी मूर्ती लवकर विरघळते आणि दमट मूर्ती रेंगाळते. ‘अर्ध्या तासात विरघळते’ असं निवेदनात लिहू नये. जाडी, रंग आणि ओल यांप्रमाणे वेळ बदलतो; नऊ इंचांच्या मूर्तीला रात्रभर धरून चालावं. सकाळी गाळात काथ्या किंवा हाताला आधार दिलेली तार सापडली तर ती वेचून काढायची. गोळा तसाच राहिला असेल तर वरचं पाणी ओतून तो वाळवायचा आणि पुन्हा नव्या पाण्यात ठेवायचा.

तिसरं दृश्य बहुतेक संहितांमध्ये नसतंच: त्या चिखलाचं काय? लोक तो मोरीत ओततात. शाडू इतकी बारीक असते की ती पाइपच्या वळणात बसते आणि घट्ट होते. तळ्यातही हेच होतं. सोसायटीशेजारच्या तळ्याला प्रवाह नसतो, शेकडो घरची माती तळाशी बसते, विहिरीत तर झरे बुजतात. सोबतचं निर्माल्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे वर येऊन तडफडतात. मूर्ती शाडूची असली म्हणून ती तळ्यात सोडायला मोकळीक मिळते असं नाही, हे व्हिडिओत एकदा तरी ऐकू आलं पाहिजे.

*दृश्य ३. बादलीत पाणी निवळलेलं. सून वरचं पाणी झाडांना घालते. खालचा लगदा जुन्या चादरीवर पसरते.*
*नातू: आई, ही सगळी कुंडीत टाकू?*
*सून: मूठभर टाक. जास्त झाली तर पाणीच मुरणार नाही. बाकीची वाळवून परत द्यायची, त्यांना पुढच्या गणपतीला लागेल.*

शाडू भाजलेली नसल्याने ती भिजवून, गाळून पुन्हा वापरता येते. पुण्यात ‘पुनरावर्तन’ मोहिमेत घरोघरची अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत दिली जाते.

घरी पीओपीची मूर्ती आलीच असेल, तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि महापालिकेने रुजवलेला अमोनियम बायकार्बोनेटचा मार्ग आहे. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर पाण्यात घालून, हवेशीर जागी, दिवसातून तीन-चार वेळा ढवळत दोन-तीन दिवस ठेवायचं. वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं. ते भरपूर पाणी घालून खत म्हणून वापरता येतं. तळाशी पांढरा गाळ राहतो. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून लहान मुलं दूर ठेवावीत. मात्र हा भाग याच व्हिडिओत घातला तर शाडूलाही पावडर लागते असा समज होतो. त्याची वेगळी, मिनिटभराची फिल्म करून ती विसर्जनाच्या आठवड्यात पाठवावी.

शेवटच्या दहा सेकंदांत घोषवाक्याऐवजी पडद्यावर दोन ओळी असाव्यात: शाडूची मूर्ती कुठल्या मूर्तिकाराकडे कधीपर्यंत नोंदवायची, आणि वाळलेली माती कुठल्या दिवशी, किती वाजता, सोसायटीच्या कुठल्या गेटपाशी आणून द्यायची. हे ठरलेलं नसेल तर चित्रीकरण थांबवून आधी ते ठरवावं.