चित्र मोठं झालं, पाटी वाचता येईना

बिल्डरच्या माहितीपत्रकात अजून उभी न राहिलेली इमारत झोकात उभी असते. संध्याकाळचा उजेड, खाली दुकानं, वर दिवे लागलेल्या खिडक्या. लांबून सगळं झकास. चित्र डोळ्यांजवळ धरलं की मात्र कधीकधी वेगळंच दिसतं. दुकानाच्या पाटीवर अक्षरांसारखं काहीतरी असतं, पण ते कोणत्याच लिपीतलं नसतं. काचेच्या दाराचं हँडल बिजागरीच्या बाजूला बसलेलं असतं. चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीतला पडदा, त्याच्या चुणीसकट, दोन खिडक्या सोडून पुन्हा भेटतो.

या चुका आर्किटेक्टच्या नसतात, त्याच्या त्रिमितीय मॉडेलमध्येही नसतात. त्या शिरतात त्यानंतरच्या पायरीवर. मॉडेलमधल्या वस्तूंवर प्रकाश कसा पडेल याचं गणित करून व्ही-रे किंवा कोरोनासारखं सॉफ्टवेअर जे चित्र तयार करतं, त्याला रेंडर म्हणतात. मोठ्या आकाराच्या रेंडरला फार वेळ लागतो. म्हणून अनेक जण मध्यम आकाराचं रेंडर काढतात आणि एआयकडून ते मोठं करून घेतात, म्हणजेच अपस्केल करतात. 2023 मध्ये आलेलं मॅग्निफिक हे अशा साधनांपैकी एक. पानं, विटा, दगड ही साधनं सुरेख फुलवतात. घोळ होतो तो जिथे प्रत्येक रेषेला नेमका अर्थ असतो तिथे.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, पुण्यातल्या एका सात मजली इमारतीचं रेंडर 3000 पिक्सेल रुंद आहे आणि त्यात 30 मीटरचा दर्शनी भाग मावला आहे. म्हणजे एका मीटरला 100 पिक्सेल मिळाले. दाराच्या हँडलची नळी 25 मिलिमीटर जाडीची असेल, तर तिच्या वाट्याला जेमतेम अडीच पिक्सेल येतात. पाटीवरचं 15 सेंटिमीटर उंचीचं अक्षर 15 पिक्सेलांत बसवावं लागतं. त्यातला अनुस्वार एखाद-दुसऱ्या ठिपक्याचा उरतो. हे चित्र 6000 पिक्सेल करायचं, तर वाढलेले ठिपके कुठून तरी आणावे लागणारच. यंत्र पाटी वाचत नाही. अशा जागी साधारणपणे कसा आकार असतो, एवढ्याच अंदाजावर ते रेषा भरतं. देवनागरीत शिरोरेषेखाली लटकणाऱ्या मात्रा आणि जोडाक्षरं म्हणजे अंदाज चुकण्याच्या जागाच. महाराष्ट्रात दुकानांना मराठी पाटी सक्तीची असल्यामुळे इथल्या रेंडरमध्ये ही अडचण हमखास येते.

दिसायला ठळक, पण आशयाने खोटं, असं याआधीही घडलेलं आहे. 2013 मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्सच्या यंत्रावर एका बांधकामाचा नकाशा स्कॅन केला, तेव्हा खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदललेले निघाले. फाइल लहान करताना यंत्राने एकसारखे वाटणारे ठिपक्यांचे तुकडे एकमेकांच्या जागी वापरले होते. आकडे पुसट झाले असते तर लगेच शंका आली असती. ते स्वच्छ दिसत होते, म्हणून चूक लपली.

त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात ब्रशने होत नाही, तुलनेने होते. मूळ रेंडर साध्या पद्धतीने 6000 पिक्सेलपर्यंत ताणायचं, फोटोशॉपमध्ये अपस्केल केलेल्या चित्रावर ठेवायचं आणि लेयरचा मोड `Difference` करायचा. जिथे दोन्ही चित्रं सारखी, तिथे काळं दिसतं. कडांवर बारीक उजळ रेषा सगळीकडेच येतात, त्या सोडून द्यायच्या. जिथे जाड, फुगीर डाग उमटतो, तिथे यंत्राने पदरचं काहीतरी घातलेलं असतं.

आधी खिडक्या हाताळणं सोयीचं, कारण त्यांचं क्षेत्र मोठं. पुष्कळ साधनं चित्राचे चौकोन पाडतात, समजा 1024 पिक्सेलचे, आणि प्रत्येक चौकोन वेगळा रंगवतात. सगळ्या चौकोनांना वर्णन एकच आणि बऱ्याचदा सुरुवातीचा यादृच्छिक कणकणीत पोतही एकच. मग एकाच जागी येणाऱ्या खिडक्यांत तोच पडदा उगवतो. दोन जुळ्या खिडक्यांमधलं अंतर मोजावं. ते चौकोनांच्या अंतराशी जुळलं तर गुन्हेगार सापडला. उलट चूकही होते: मूळ चित्रात सारख्या असलेल्या खिडक्यांपैकी एकीला मधली पट्टी येते, दुसरीची जाते. उपाय असा की, दर्शनी भागासाठी `Creativity` बरंच कमी ठेवून आणि चौकोन थोडे सरकवून दुसरी प्रत काढायची, मग मास्क लावून तिच्यातल्या खिडक्या पहिल्या प्रतीत आणायच्या. रेंडरसोबत क्रिप्टोमॅट हा थर जपून ठेवलेला असेल, तर प्रत्येक चौकटीचा मास्क आयता मिळतो. मात्र यंत्राने कडा एक-दोन पिक्सेल हलवलेल्या असतात, म्हणून मास्क काचेच्या मधोमध न संपवता चौकटीच्या रेषेवर संपवावा. पडद्यांत वैविध्य हवं असेल, तर ते मॉडेलमध्येच चार-पाच प्रकारचे पडदे वाटून आणावं.

हँडलला ही युक्ती पुरत नाही. मूळ रेंडर परत आणलं तरी त्यात अडीच पिक्सेलांचा पुसट पट्टाच आहे. इथे रीजन रेंडर कामी येतं: कॅमेरा तोच, चित्राचं माप 6000 पिक्सेलचं, पण गणित फक्त दाराभोवतीच्या चौकोनाचं. एवढ्याशा तुकड्याला पूर्ण चित्राच्या तुलनेत फारच थोडा वेळ लागतो. तो संपूर्ण दाराच्या फळीसकट चिकटवायचा. नुसतं हँडल चिकटवलं, तर त्याची सावली आणि काचेतलं प्रतिबिंब जुनंच राहतं आणि चोरी पकडली जाते. अपस्केल करताना रंगही किंचित बदललेले असतात. कर्व्ह्जने ते जुळवून घ्यायचे आणि आजूबाजूइतका बारीक रवा तुकड्यावर टाकायचा.

पाट्या सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर चित्राचा तो भाग पुन्हा यंत्रातून गेला की अक्षरं पुन्हा विरघळतात. फिसकटलेलं अक्षर ओढून-ताणून सरळ करण्यात अर्थ नाही. मुरलेले लोक अपस्केल करण्याआधी मॉडेलमध्ये पाट्या कोऱ्याच ठेवतात. मग मूळ व्हेक्टर मजकूर स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून आणून चारही कोपरे कोऱ्या पाटीच्या कोपऱ्यांवर बसवतात. पाटीचा रंग गडद आणि अक्षरं पांढरी असतील, तर पाटीवरची सावली वेगळ्या थरावर `Multiply`ने अक्षरांवरही उतरवावी लागते. नाहीतर ती हवेत तरंगतात. फोटोशॉपमध्ये देवनागरी टाइप करताना मजकुराची मांडणी `World-Ready Layout` आहे ना हे पाहावं. ती नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणजे यंत्राची चूक काढून माणसाची घातल्यासारखं होतं.

मॉडेलची फाइलच हाताशी नसेल आणि समोर फक्त एक जेपीजी असेल, तर पर्याय आखडतात. पाटी नव्याने बसवता येते, खिडकी चांगल्या शेजारणीवरून दृष्टिकोन जुळवून उचलता येते. हँडल मात्र हाताने रंगवावं लागतं, किंवा मूळचा पुसटपणाच स्वीकारावा लागतो.

हे चित्र 300 डीपीआयने छापलं तर सुमारे 51 सेंटिमीटर रुंद होतं, म्हणजे माहितीपत्रकाची जोडपानं सहज भरतात आणि वाचक ते हातभर अंतरावरून पाहतो. शिवाय रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं, तर ते भरून देण्याची जबाबदारी प्रवर्तकावर येते. म्हणून छपाईला जाण्याआधी चित्र आर्किटेक्टच्या एलिव्हेशनशेजारी ठेवून तीन गोष्टी तपासाव्यात: प्रत्येक मजल्यावरच्या खिडक्या आणि त्यांच्या पट्ट्या मोजाव्यात, प्रत्येक दाराचं हँडल बिजागरीच्या विरुद्ध बाजूला आहे ना ते पाहावं, आणि सगळ्या पाट्या, हे काम ज्याने केलं नाही अशा मराठी माणसाकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात.