टॅरोमधली ताकद आणि न्याय

जोडीदाराशी वारंवार झालेल्या भांडणांनंतर विश्वास सावरण्यासाठी मांडलेल्या स्प्रेडमध्ये (प्रश्नानुसार केलेली पत्त्यांची मांडणी) ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘जस्टिस’ एकत्र आले, की अनेकांना वाटते: मी ठाम राहिले, तर निकाल माझ्या बाजूने लागेल. चित्रे मात्र वेगळे सांगतात. 1909 च्या रायडर-वेट संचात स्ट्रेंग्थमधली स्त्री सिंहाचा जबडा हळुवार हाताने धरते. तो सिंह म्हणजे जोडीदार नव्हे, स्वतःचा राग. जस्टिसच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात तराजू आहे, आणि डोळ्यांवर पट्टी नाही. म्हणजे दोन्ही पारडी उघड्या डोळ्यांनी पाहायची.

सामाईक वीजबिलाचा हिशेब आरडाओरडा चालू असताना होत नाही. आवाज खाली आल्यावरच कोणाचे किती ते ठरते. इथेही तसेच.

समजा, ‘मी काय करू’ या जागी स्ट्रेंग्थ आणि ‘दोघांत काय ठरावे’ या जागी जस्टिस आहे. वाचन असे: आवाज चढला की बोलणे थांबवा, शांत झाल्यावर प्रत्येकाने आपण मोडलेला शब्द आधी सांगावा, मग पुढचा नियम ठरवावा. नुसती स्ट्रेंग्थ घेतली तर एकच जण सोसत राहतो, आणि तेच भांडण पुन्हा होते. समोरच्याच्या मनात काय आहे, हे मात्र पत्ते सांगत नाहीत. ते त्यालाच विचारावे लागते.