वीकेंडचा हॅकेथॉन: टाकीतलं पाणी मोजूया

तिघांची टीम आणि फक्त शनिवार-रविवार हातात असेल, तर मी टाकीतल्या पाण्याची पातळी मोजायचा प्रोजेक्ट सुचवेन. डेमोला एक बादली पुरते.

बादलीच्या वर HC-SR04 सेन्सर खाली तोंड करून बसवायचा. तो अल्ट्रासाउंड सोडतो. प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ आपण मोजायचा. समजा, १,१६६ मायक्रोसेकंद लागले. आवाज एका मायक्रोसेकंदात साधारण ०.०३४३ सेंमी जातो. गुणाकार करा, आणि हा वेळ जाऊन-येऊनचा आहे म्हणून दोनने भागा: २० सेंमी. सेन्सर तळापासून ३० सेंमीवर असेल, तर पाणी १० सेंमी.

आमचा अर्धा शनिवार मात्र वाया गेला. पाणी ओतत होतो, आकडा काही हलेना! कोड तीनदा तपासला. शेवटी कळलं, सेन्सर कडेला लावल्यामुळे प्रतिध्वनी पाण्याऐवजी बादलीच्या काठावरून येत होता. मधोमध आणल्यावर आकडा हलायला लागला, पण पाणी डुचमळलं की उड्या मारायचा. मग लागोपाठ पाच रीडिंग घेऊन चढत्या क्रमातलं मधलं धरलं. सरासरी नको, एक चुकीचं रीडिंग तिला लांब ओढतं.

डेमोत मग परीक्षकांच्याच हातात तांब्या द्या.